पोटाच्या चरबीतलं कॉर्टिसोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या वाचकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा द्यायचं टाळलं आहे. जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ही माहिती विषय समजून घेण्यासाठी आहे, चालू औषध बंद करण्यासाठी नाही. स्टेरॉइडची गोळी तर मनाने अजिबात थांबवू नये. (का, ते प्रश्न १० मध्ये आहे.)

१. माझं रक्तातलं कॉर्टिसोल नॉर्मल आलं. तरी पोट कॉर्टिसोलमुळे सुटलंय असं कुणी कसं म्हणू शकतं?

कॉर्टिसोल हे हार्मोन मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींत बनतं, रक्तात उतरतं आणि शरीरभर पोचतं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण पेशीच्या आत किती कॉर्टिसोल आहे हे फक्त रक्तावर ठरत नाही. रक्तात कॉर्टिसोलबरोबर त्याचं एक निष्क्रिय भावंड फिरत असतं, कॉर्टिसोन. काही ऊतींमध्ये असं एन्झाइम असतं की ते हे कॉर्टिसोन उचलून तिथल्या तिथे पुन्हा कॉर्टिसोल करतं. यालाच ऊतींमधलं कॉर्टिसोलचं पुनर्निर्माण म्हणतात. टाकीतलं पाणी तेवढंच, पण एका घरात बोअरवेलही आहे, तसा हा प्रकार. टाकीची पातळी मोजून त्या घरातलं पाणी कळत नाही.

पोटाच्या चरबीत ही बोअरवेल जास्त जोरात चालते आणि म्हणून पोट सुटतं, हा प्रस्तावित विचार आहे. तो कुठवर टिकतो आणि कुठे अडखळतो, ते पुढच्या प्रश्नांत येईल. तुमचं पोट याच कारणाने सुटलं की नाही, हे मात्र रिपोर्टवरून कुणीही सांगू शकत नाही.

२. कॉर्टिसोल आणि कॉर्टिसोन यात फरक तो काय? नावं तर सारखीच वाटतात.

रेणूच्या अकराव्या कार्बनवर फरक आहे. कॉर्टिसोलमध्ये तिथे हायड्रॉक्सिल असतं, कॉर्टिसोनमध्ये कीटोन. एवढ्याशा बदलाने कॉर्टिसोन ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरवर, म्हणजे पेशीतल्या ज्या जागेवर बसून कॉर्टिसोल काम करतं तिथे, नीट बसत नाही, म्हणजे ते जवळपास मूक असतं.

रोजच्या औषधांत याचं उदाहरण दिसतं. कॉर्टिसोन ॲसिटेटची गोळी आणि प्रेडनिसोन, ही दोन्ही गिळताना निष्क्रिय असतात. यकृतातलं पुनर्निर्माण करणारं तेच एन्झाइम, ज्याला टाइप १ म्हणतात, त्यांचं अनुक्रमे कॉर्टिसोल आणि प्रेडनिसोलोन करतं, तेव्हा कुठे काम सुरू होतं. म्हणून कॉर्टिसोनचं मलम त्वचेवर चोळून फारसा उपयोग होत नाही, हायड्रोकॉर्टिसोनचा होतो. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसोलच. गोळीच्या पाकिटावर त्याचं नाव तेवढं वेगळं असतं.

रक्तातही दोघांचं वागणं वेगळं आहे. कॉर्टिसोलचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांना बांधलेला असतो आणि सकाळी चढून रात्री उतरतो. कॉर्टिसोन कमी बांधलेलं असतं आणि त्याची पातळी दिवसभर त्यामानाने सपाट राहते. म्हणजे रात्री बाराला कॉर्टिसोल तळाला गेलं तरी चरबीला कच्चा माल मिळतच असतो. हा बारकावा या सगळ्या विषयात महत्त्वाचा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

३. टाइप १ आणि टाइप २ असे दोन प्रकार वाचले. मधुमेहासारखे का?

मधुमेहाशी या क्रमांकांचा संबंध नाही. या एन्झाइमचं पूर्ण नाव ११-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजिनेज, आणि त्याचे हे दोन प्रकार. नावात डिहायड्रोजिनेज असलं तरी जिवंत पेशीत टाइप १ उलट दिशेने चालतं, कॉर्टिसोनचं कॉर्टिसोल करतं. ते यकृत, चरबी, मेंदू, हाड, त्वचा अशा अनेक ठिकाणी आहे.

टाइप २ मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकांमध्ये, मोठ्या आतड्यात, लाळ व घामाच्या ग्रंथींत आणि वारेत असतं. ते कॉर्टिसोल मोडून कॉर्टिसोन करतं. त्यामागे कारण आहे. मूत्रपिंडातला मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर खरं तर अल्डोस्टेरॉनसाठी आहे, पण कॉर्टिसोलही त्यावर तितक्याच सहज बसतं आणि रक्तात ते अल्डोस्टेरॉनच्या कितीतरी पट असतं. टाइप २ दारावर बसून त्याला बाद करतं म्हणून मीठ अडवण्याचा हुकूम अल्डोस्टेरॉनकडेच राहतो. हा दारवान हटला की काय होतं, ते प्रश्न ११ मध्ये.

तेव्हा टाइप २ मूत्रपिंडात कॉर्टिसोन बनवतं आणि टाइप १ यकृतात व चरबीत त्याचं पुन्हा कॉर्टिसोल करतं, असा फेरा अखंड चालू असतो.

४. पुस्तकात ही क्रिया दोन्ही बाजूंनी चालते असं लिहिलंय. मग टाइप १ फक्त कॉर्टिसोलच बनवतं हे कशावरून?

पुस्तक बरोबर आहे. चाचणी-नळीत टाइप १ दोन्ही बाजूंनी चालतं, आणि पेशी फोडली की ते बहुधा उलट दिशेने, म्हणजे कॉर्टिसोल मोडण्याकडे धावतं. जिवंत पेशीत दिशा ठरते ती एनएडीपीएच या सहकारी रेणूवर.

टाइप १ चा कामाचा भाग एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या जाळीच्या आत असतो. त्याच कोठडीत दुसरं एक एन्झाइम राहतं, हेक्सोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज. ते ग्लुकोज-६-फॉस्फेट घेऊन एनएडीपीएच तयार करतं आणि टाइप १ ला पुरवतं. हा पुरवठा जोरात असेल तोवर कॉर्टिसोल बनतं. तो तुटला की तेच एन्झाइम कॉर्टिसोल मोडायला लागतं.

चरबीचा नमुना तपासणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. ऊतीचा तुकडा गोठवून, वाटून, वरून सहकारी रेणू भरपूर घालून मोजलं की आकडा येतो तो त्या तुकड्यात एन्झाइम किती आहे याचा. जिवंत माणसात ते किती वेगाने आणि कुठल्या दिशेने चालत होतं, हे त्यातून कळत नाही. एमआरएनए, म्हणजे एन्झाइम बनवण्याचा जनुकाचा निरोप, मोजण्याची अडचणही तीच. दोन अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत तेव्हा आधी हे पाहावं की एकाने अखंड पेशींत मोजलंय का आणि दुसऱ्याने वाटून.

५. पण पोटाचीच चरबी का? मांडीवरची का नाही?

या कल्पनेचा गाभा इथेच आहे. १९९७ साली बर्मिंगहॅममधल्या बुजाल्स्का, कुमार आणि स्ट्युअर्ट यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा शोधनिबंध छापला. शस्त्रक्रियेच्या वेळी घेतलेल्या नमुन्यांतून त्यांनी दोन जागच्या चरबीतल्या आधारपेशी वाढवल्या. एक नमुना त्वचेखालचा, दुसरा ओमेंटमचा. ओमेंटम म्हणजे जठरापासून आतड्यांवर पदरासारखी लोंबणारी चरबीची चादर. ओमेंटमच्या पेशी कॉर्टिसोनचं कॉर्टिसोल जास्त करतात असं दिसलं. मध्यवर्ती लठ्ठपणा म्हणजे 'ओमेंटमचा कुशिंग' तर नव्हे, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच टाकला.

कुशिंगच्या आजारात कॉर्टिसोल प्रमाणाबाहेर वाढतं आणि चेहरा, मान, पोट भरून येतं, हातपाय मात्र बारीक होतात. उपचाराने कॉर्टिसोल खाली आणलं की हे बरंचसं ओसरतं. त्यामुळे कॉर्टिसोल पोटावर चरबी बसवू शकतं यात वाद नाही. आतल्या चरबीत ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर जास्त असतात. कॉर्टिसोल आणि इन्सुलिन एकत्र आले की कोवळ्या आधारपेशींच्या पक्व चरबीपेशी होतात आणि लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम वाढून रक्तातली चरबी आत ओढली जाते.

शीर्षक आकर्षक असलं की कल्पना वेगाने पसरते. तो प्रयोग वाढवलेल्या पेशींवरचा होता, चालत्या-फिरत्या माणसाच्या ओमेंटममधला नव्हता, हे मात्र सांगताना गळून जातं.

६. उंदरांवर सिद्ध झालंय म्हणतात. नेमकं काय सिद्ध झालं?

उंदरांतला पुरावा खरोखर भक्कम आहे.

२००१ साली मासुझाकी, फ्लायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये असे उंदीर दाखवले की ज्यांच्या फक्त चरबीत टाइप १ जास्त होतं. एन्झाइमची क्रिया दोन-अडीच पट, म्हणजे लठ्ठ माणसांच्या चरबीत दिसते साधारण त्याच घरातली. रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरांचं कॉर्टिसोल म्हणा) नॉर्मलच राहिलं, चरबीतलं वाढलं. हे उंदीर पोटाने सुटले, इन्सुलिनला दाद देईनासे झाले, रक्तातली चरबी वाढली.

उलट बाजूही तपासली गेली. एडिनबर्गच्या गटाने टाइप १ काढून टाकलेले उंदीर केले. लठ्ठपणात किंवा ताणात इतर उंदरांची साखर जशी चढते तशी यांची चढली नाही (१९९७), आणि पुढे तेलकट आहारावरही त्यांच्या पोटात चरबी कमी साठली. आणखी एका प्रयोगात चरबीत मुद्दाम टाइप २ बसवलं, म्हणजे तिथलं कॉर्टिसोल मोडलं जाईल अशी सोय केली. ते उंदीरही लठ्ठ व्हायला तयार नव्हते.

एक प्रयोग मात्र बहुतेक लेखांत सुटून जातो. टाइप १ फक्त यकृतात वाढवलं तेव्हा इन्सुलिनला प्रतिरोध, यकृतात चरबी आणि रक्तदाब आला, पण लठ्ठपणा आला नाही. म्हणजे कुठल्या ऊतीत वाढलंय यावर सगळा खेळ. माणसात नेमकी तिथेच पंचाईत होते.

७. माणसाच्या आत हे पुनर्निर्माण मोजतात कसं?

खूण लावलेल्या कॉर्टिसोलने. कॉर्टिसोलच्या रेणूवर चार ठिकाणी साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, बसवतात. याला डी-४ कॉर्टिसोल म्हणू. ते किरणोत्सारी नसतं. या चारांतला एक अकराव्या कार्बनवर असतो. टाइप २ ने याचं कॉर्टिसोन केलं की तो एक जातो आणि डी-३ कॉर्टिसोन उरतं. टाइप १ ने त्याचं पुन्हा कॉर्टिसोल केलं तर त्या जागी साधा हायड्रोजन बसतो, आणि मिळतं डी-३ कॉर्टिसोल. हे सलाइनमधून दिलेलं नसतं, म्हणजे ते फक्त पुनर्निर्माणातूनच आलेलं असणार. मास स्पेक्ट्रोमीटर दोघांना वजनावरून वेगळं ओळखतं.

एक हिशेब करून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

डी-४ शिरेतून तासाला ०.४ मिलिग्रॅम सोडलं आणि पातळी स्थिर होऊ दिली. धमनीत डी-४ आहे लिटरला ६० नॅनोमोल, डी-३ आहे १५. दोन्ही सारख्याच वेगाने शरीराबाहेर पडतात असं धरलं तर डी-३ बनण्याचा वेग असा:

```
०.४ × (१५ ÷ ६०) = ०.१ मिलिग्रॅम प्रति तास
```

आता यकृताच्या शिरेतलं रक्त घेतलं. तिथे डी-४ आलं ४०, म्हणजे यकृताने एक तृतीयांश काढून घेतलं. यकृत फक्त काढूनच घेत असतं तर डी-३ सुद्धा एक तृतीयांशाने घटून १० व्हायला हवं होतं. ते आलं १५, जसंच्या तसं. म्हणजे मधल्या वाटेत कुणीतरी लिटरमागे ५ नॅनोमोल भर घातली. यकृतातून मिनिटाला ०.८ लिटर प्लाझ्मा वाहतो असं धरा: ५ × ०.८ × ६० = २४० नॅनोमोल, म्हणजे तासाला सुमारे ०.०९ मिलिग्रॅम. एकूण ०.१ मधले ०.०९ याच पट्ट्यातले.

पण 'याच पट्ट्यातले' म्हणजे यकृतातले की ओमेंटमचे? ओमेंटमचं रक्त पोर्टल शिरेने यकृतातच येतं, त्यामुळे यकृताच्या शिरेत दोघांचं मिसळलेलं सापडतं. एडिनबर्गच्या गटाने ही गाठ सोडवायला अशा रुग्णांची मदत घेतली ज्यांच्या यकृतातून पोर्टल रक्ताला वळसा देणारी नळी आधीच बसवलेली होती, म्हणून पोर्टल शिरेपर्यंत पोचता येत होतं. २००९ मध्ये आलेला निष्कर्ष असा: त्वचेखालच्या चरबीतून कॉर्टिसोल बाहेर पडताना दिसलं, यकृतातून भरपूर दिसलं, पण आतल्या चरबीतून पोर्टल शिरेत लक्षात येण्याजोगं काही उतरत नव्हतं.

यामुळे 'ओमेंटम यकृताला कॉर्टिसोलने न्हाऊ घालतं' ही गोष्ट जवळपास निकालात निघाली. आतल्या चरबीत बनलेलं कॉर्टिसोल तिथल्या तिथे वापरलं जात असेल, ही शक्यता मात्र शिल्लक राहते. शिरेतलं रक्त मोजून पेशीच्या आतलं कळत नाही, या पद्धतीची ती मर्यादाच आहे.

८. लठ्ठ माणसांत हे एन्झाइम वाढलेलंच असतं ना?

त्वचेखालच्या चरबीत बहुतेक अभ्यासांत हो. यकृतात बहुधा उलट, क्रिया कमी झालेली असते.

यकृताची क्रिया तपासायला वेगळी युक्ती आहे. आदल्या रात्री अकराला १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन अधिवृक्क ग्रंथींना झोपवतात. सकाळी २५ मिलिग्रॅम कॉर्टिसोन ॲसिटेट तोंडाने देतात आणि ठरावीक अंतराने काही तास रक्त घेऊन कॉर्टिसोल किती चढतं ते पाहतात. ग्रंथी झोपलेल्या असल्याने जे चढेल ते यकृताने गोळीतून बनवलेलं. मध्यवर्ती लठ्ठपणात हा चढ मंद दिसला. चाचणी फसण्याची दोन कारणं नेहमीची. आदल्या रात्रीची गोळी घ्यायला विसरणं, मग सुरुवातीचाच आकडा वर असतो. आणि गर्भनिरोधक गोळ्या: त्यातल्या इस्ट्रोजेनमुळे कॉर्टिसोल बांधणारं प्रथिन वाढतं, एकूण कॉर्टिसोल फुगलेलं दिसतं आणि यकृत जोरात चालतंय असा भास होतो.

चरबीत वर आणि यकृतात खाली, म्हणजे अख्ख्या शरीराची बेरीज जवळपास तीच राहते. लघवीतली कॉर्टिसोल आणि कॉर्टिसोन यांच्या उपपदार्थांची तुलना हे अशा बेरजेचंच मोजमाप आहे, म्हणून लठ्ठपणात ती तुलना फारसं काही सांगत नाही. शिवाय लठ्ठ माणसांत कॉर्टिसोल जलद मोडतं, ग्रंथी तेवढं जास्त बनवतात. लघवीत उपपदार्थ वाढतात, रक्तात पातळी नॉर्मल किंवा किंचित कमी.

९. मी पणजीला कसिनोत रात्रपाळी करतो. सकाळी आठला कॉर्टिसोल द्यायला सांगितलंय. चालेल का?

सरळसरळ नाही. आठची वेळ रात्री झोपून सकाळी उठणाऱ्यासाठी ठरवलेली आहे. कॉर्टिसोलचा चढ शरीराच्या घड्याळावर अवलंबून असतो. कायम रात्रपाळी असेल तर ते घड्याळ थोडंफार सरकलेलं असतं, पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर गोंधळलेलं. पर्वरी, कळंगुट, पणजी इथल्या हॉटेलवाल्यांचे असे रिपोर्ट आमच्याकडे सतत येतात.

समजा ४६ वर्षांचा गृहस्थ, कंबर १०२ सेंटिमीटर, पहाटे पाचला पाळी संपवून जागाच राहिला आणि आठला रक्त दिलं. आकडा आला ९ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. (२७.६ ने गुणलं की नॅनोमोल प्रति लिटर मिळतात, इथे सुमारे २४८.) हा आकडा छापील मर्यादेत आहे, पण त्याच्या शरीरासाठी ती सकाळ होती की रात्र हेच ठाऊक नाही. त्यावरून कुशिंग आहे असंही ठरत नाही आणि नाही असंही ठरत नाही.

कुशिंगचा संशय खरोखर असेल, म्हणजे रुंद जांभळे पट्टे, सहज पडणारे काळेनिळे डाग, बसलेलं उठताना मांड्यांत जोर नसणं, तर डॉक्टर सकाळच्या एका आकड्यावर विसंबत नाहीत. डेक्सामेथासोन चाचणी किंवा चोवीस तासांची लघवी सांगतात. रात्रीच्या लाळेची चाचणी रात्रपाळीवाल्याला सहसा टाळतात. लाळेच्या नमुन्याबाबत एक गंमत: लाळग्रंथीत टाइप २ असतं, त्यामुळे लाळेत कॉर्टिसोलपेक्षा कॉर्टिसोनच जास्त भेटतं.

आणि या गृहस्थाची १०२ सेंटिमीटर कंबर? दक्षिण आशियाई पुरुषांसाठी मर्यादा ९० आहे, स्त्रियांसाठी ८०. त्याला कॉर्टिसोलच्या आधी उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी, लिपिड आणि रक्तदाब हवेत.

१०. सांधेदुखीच्या पुडीने चेहरा गोल झाला, पोट सुटलं, पण कॉर्टिसोल अगदी कमी आलं. हे कसं?

बिनलेबलच्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता. डेक्सामेथासोन असेल तर ते कॉर्टिसोलच्या चाचणीत जवळजवळ दिसत नाही, पण अधिवृक्क ग्रंथींना हुकूम देणाऱ्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीला गप्प करतं, म्हणून तुमचं स्वतःचं कॉर्टिसोल तळाला जातं. प्रेडनिसोलोन असेल तर प्रयोगशाळेतल्या अनेक इम्युनोअसे चाचण्या त्यालाच कॉर्टिसोल समजतात आणि आकडा खोटा वर येतो.

अशी पुडी एका दिवसात बंद करू नका. महिनोन्‌महिने झोपलेल्या अधिवृक्क ग्रंथी लगेच उठत नाहीत. उलट्या, रक्तदाब कोसळणं, साखर उतरणं, ग्लानी, असं होऊन जीवावर बेतू शकतं. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. ते मोजलेला डोस देऊन हळूहळू उतरवतील. याचा चरबीतल्या एन्झाइमशी संबंध नाही. हा बाहेरून आलेला कुशिंग.

११. ज्येष्ठमध हे एन्झाइम थांबवतं असं वाचलं. मग रोज काढा घेतला तर पोट उतरेल?

उतरणार नाही, आणि रक्तदाब चढेल. पावसात खोकल्यावर चार दिवस ज्येष्ठमधाची कांडी चघळणं वेगळं, महिनोन्‌महिने रोज काढा पिणं वेगळं.

ज्येष्ठमधातलं ग्लिसिरेटिनिक आम्ल दोन्ही प्रकारांना अडवतं, पण शरीरात त्याचा मोठा फटका मूत्रपिंडातल्या टाइप २ ला बसतो. प्रश्न ३ मधला दारवान हटतो, कॉर्टिसोल अल्डोस्टेरॉनच्या खुर्चीत बसतं. मीठ-पाणी अडतं, पोटॅशियम लघवीतून वाहून जातं. घोट्यांना सूज, डोकेदुखी, गोळ्यांना दाद न देणारा रक्तदाब, पायांत गोळे, पुढे अशक्तपणा आणि हृदयाचे ठोके चुकणं. रक्तात पोटॅशियम ३.५ च्या खाली आणि अल्डोस्टेरॉनही खाली अशी जोडी दिसली की ज्येष्ठमधाबद्दल विचारायलाच हवं. रुग्ण स्वतः सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नसतं. लघवी वाढवणारी गोळी किंवा डिगॉक्सिन चालू असेल तर धोका जास्त. बंद केल्यावर सगळं पूर्ववत व्हायला दिवस नव्हे, काही आठवडे लागू शकतात.

टाइप २ चं जनुकच जन्मतः बिघडलेलं असेल तर हेच चित्र लहानपणी दिसतं.

ज्येष्ठमधापासूनच बनवलेलं कार्बेनोक्सोलोन हे जुनं अल्सरचं औषध. १९९५ मध्ये निरोगी माणसांत त्याने इन्सुलिनची संवेदनशीलता सुधारली, आणि टाइप १ अडवण्याच्या औषधांचा शोध त्यातून वेगाने सुरू झाला. पण तेही दोन्ही प्रकार अडवतं, म्हणून पोटॅशियमची रड तीच.

१२. फक्त टाइप १ अडवणारं औषध अजून बाजारात का नाही?

औषधं बनली, माणसांवर तपासलीही गेली. लठ्ठपणासाठी किंवा मधुमेहासाठी त्यांतलं एकही मंजुरीपर्यंत पोचलं नाही.

सगळ्यात चांगला निकाल २०१० मध्ये छापून आला. मेटफॉर्मिनवर असूनही साखर न आटोपणारे ३०२ रुग्ण, बारा आठवडे, आयएनसीबी-१३७३९ नावाचं औषध. रोज २०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं एचबीए१सी नकली गोळीच्या तुलनेत ०.६ टक्क्याने उतरलं. वाईट नाही, पण बाजारात असलेली औषधं इतकं किंवा याहून जास्त करतात. दुसऱ्या एका कंपनीच्या रेणूने त्याच्या निम्माच परिणाम दाखवला. २०१४ मध्ये फॅटी लिव्हरच्या रुग्णांत बारा आठवड्यांनी यकृतातली चरबी १६.७ टक्क्यांवरून १४.३ वर आली. वजन आणि कंबर, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांत फरक किरकोळच.

कारण शरीराची तजवीज. पुनर्निर्माण अडवलं की कॉर्टिसोलचा एक पुरवठा आटतो. पीयूषिका ग्रंथी ते ओळखते, एसीटीएच हे अधिवृक्कांना जागवणारं हार्मोन वाढवते आणि अधिवृक्क ग्रंथी तूट भरून काढतात. रक्तातलं कॉर्टिसोल होतं तिथेच राहतं. एसीटीएचबरोबर अधिवृक्कातले अँड्रोजेनही वाढतात, म्हणून स्त्रियांमध्ये पुरळ आणि चेहऱ्यावर केस येण्याची चिंता असते. दुसरी शंका अशी की गोळी यकृतात पुरेशी पोचते, पण पोटातल्या चरबीत तितकी पोचून दिवसभर टिकते का? उंदराच्या चरबीतून जनुक काढता येतं. गोळीने एकाच ऊतीत काम करवून घेता येत नाही.

१३. कुशिंग असूनही कुशिंगसारखा न दिसणारा रुग्ण असू शकतो?

असतो. २००२ मध्ये अशा एका रुग्णाची नोंद छापली गेली. पीयूषिकेच्या गाठीमुळे कॉर्टिसोल भरपूर, पण कुशिंगचं रूप नाही. तपासात टाइप १ ची क्रिया अधू निघाली. २०१४ मध्ये उंदरांतही तेच दिसलं: टाइप १ नसलेल्या उंदरांना पाण्यातून स्टेरॉइड दिलं तरी बरेच दुष्परिणाम झाले नाहीत. रक्तात जास्त असलेल्या कॉर्टिसोलचाही मोठा भाग पेशीत पोचतो तो पुनर्निर्माणाच्या वाटेने, असं यावरून वाटतं. आमच्या मते लठ्ठपणापेक्षा, वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांना वाचवण्यासाठी या औषधांचा विचार जास्त आशादायक आहे.

याच्या उलट अपवादही आहे. प्रश्न ४ मधलं एनएडीपीएच पुरवणारं एन्झाइम जन्मतः बिघडलं तर कॉर्टिसोनचं कॉर्टिसोल होत नाही. मग अशी माणसं सडपातळ असतात का? तसं काही नाही. स्त्रियांत एसीटीएच वाढून अनियमित पाळी आणि चेहऱ्यावर केस येतात, म्हणजे पीसीओएससारखं चित्र. 'टाइप १ गेलं की पोट गेलं' असं म्हणणाऱ्याला हे रुग्ण दाखवावेत.

१४. मग हे एन्झाइम लठ्ठपणाचं कारण की लठ्ठपणाचा परिणाम?

उंदरात कारण होऊ शकतं, हे दाखवून झालंय. माणसात दोन्ही बाजूंनी ओढाताण आहे. फुगलेल्या चरबीत दाह असतो, आणि टीएनएफ-अल्फासारखे दाहाचे रेणू टाइप १ वाढवतात. कॉर्टिसोल स्वतःही ते वाढवतं. म्हणजे आधी पोट सुटलं आणि मग एन्झाइम वाढलं, असंही होऊ शकतं.

वजन उतरवून पाहिलं तर उत्तर सोपं होईल असं वाटलं होतं. अतिशय कमी कॅलरीच्या आहारावर दहा आठवड्यांत वजन उतरलं, तेव्हा चरबीपेशींत टाइप १ चं प्रमाण वाढलेलं दिसलं. गॅस्ट्रिक बायपासनंतर दीर्घकाळाने पाहिलं तेव्हा ते कमी झालं होतं. उपाशी शरीर आणि स्थिरावलेलं शरीर ही दोन वेगळी शरीरं आहेत, असं म्हणून या दोन निकालांची सांगड घालता येते, पण तो तर्क झाला.

१५. 'कॉर्टिसोल ब्लॉकर' कॅप्सूल मिळतात. घ्याव्यात का?

पैसे वाचवा. त्यांत ज्येष्ठमधाचा अर्क आहे का एवढं मात्र लेबलवर पाहा, आणि असेल तर प्रश्न ११ पुन्हा वाचा.

१६. हायड्रोकॉर्टिसोनऐवजी दुकानदाराने कॉर्टिसोन ॲसिटेट दिलं. मात्रा तीच ठेवू?

नाही. २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनला २५ मिलिग्रॅम कॉर्टिसोन ॲसिटेट धरतात, तेही यकृत ठीक असेल तर. ग्रोथ हार्मोन टाइप १ ला दाबतं, म्हणून पीयूषिकेच्या आजारात ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं नव्याने सुरू झाली की कॉर्टिसोन ॲसिटेट अपुरं पडू लागतं. थकवा, मळमळ, उभं राहताना चक्कर ही लक्षणं त्या सुमारास आली तर डोस वाढवण्याबद्दल त्याच दिवशी विचारा. ज्याच्या ग्रंथी मुळातच चालत नाहीत त्याने पाकीट घरी नेण्याआधी नाव वाचावं आणि बदल डॉक्टरांना फोन करून कळवावा.